रुग्णालयातच जंतुसंसर्ग झाला आणि मुक्काम वाढला: वाढीव दिवसांचे पैसे विमा कंपनीकडून कसे मिळवायचे

ऑपरेशन नीट पार पडतं, डॉक्टर पाचव्या दिवशी घरी सोडतो म्हणतात आणि नेमकं त्याच दिवशी थंडी वाजून ताप भरतो. पुढचे आठ-दहा दिवस औषधांत आणि आयसीयूत जातात. अशा वेळी नातेवाईक इन्शुरन्स डेस्कवर येऊन एकच प्रश्न विचारतात, "हे इन्फेक्शन तर इथेच झालंय, मग याचे पैसे कोण देणार?" अशा डेस्कवर मी नऊ वर्षं काम केलं आहे. तिथे जे समजावून सांगायला पुरेसा वेळ कधी मिळाला नाही, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी उत्तर. खर्चाची भरपाई करणारी नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी असेल, तर संसर्ग घरून आला की रुग्णालयात झाला याने तत्त्वतः काही फरक पडत नाही. विमा क्षेत्राच्या नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेल्या वगळलेल्या बाबींच्या यादीत 'रुग्णालयात झालेला जंतुसंसर्ग' असं कलम नाही. मूळ आजार पॉलिसीत बसत असेल, तर त्याच मुक्कामात उद्भवलेली गुंतागुंतही बसते. जे मूळ उपचारच पॉलिसीत नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत पू झाला, तर त्याचा खर्च मागताना बहुधा नकारच येतो.

तरीही घरच्यांच्या खिशातून पैसे जातातच. सरसकट नकारामुळे ते क्वचित जातात. बहुतेक वेळा तीन ठिकाणी गळती असते: वाढीव मंजुरी वेळेवर मागितली नाही, खोली मर्यादेपेक्षा महाग होती, किंवा शेवटच्या काही दिवसांत रुग्णाला भरती का ठेवलं हे कागदावर आलं नाही. विमा कंपनी नुसते दिवस मोजून पैसे देत नाही, त्या दिवसाचं वैद्यकीय कारण पाहून देते. हे ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

एक उदाहरण धरून चालू

समजा, ६६ वर्षांच्या मावशी बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पॉलिसी ५ लाखांची आहे. साध्या खोलीची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, आणि आयसीयूची २ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, इम्प्लांट बसवला. रुग्णालयाने पाच दिवसांचा अंदाज पाठवला आणि कंपनीने सुरुवातीला १ लाख ८० हजार रुपये मंजूर केले.

खुब्याच्या ऑपरेशननंतर उठता येत नाही म्हणून लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवलेली असते. ती जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढत जातो. मावशींना पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. सहाव्या दिवशी रक्तदाब उतरला आणि त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. तीन दिवस आयसीयू, नंतर पुन्हा खोलीत सहा दिवस. पाच दिवसांचा मुक्काम चौदा दिवसांवर गेला.

पहिलं काम: ज्या दिवशी ताप आला त्या दिवशीची नोंद

त्या दिवशी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी हजर राहा. तीन गोष्टी केसपेपरवर आल्या का, हे शांतपणे विचारा: काय लक्षणं दिसली, कोणत्या तपासण्या पाठवल्या आणि कोणतं औषध बदललं. मावशींच्या बाबतीत नोंद साधारण अशी हवी: ताप १०२, रक्तदाब ८८/५४, लघवी कमी झाली, रक्ताचं आणि लघवीचं कल्चर पाठवलं, मेरोपेनेम शिरेतून सुरू केलं, आयसीयूत हलवलं. एवढ्या एका ओळीवर पुढचे कित्येक हजार रुपये टिकून राहतात.

कल्चरचा नमुना नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेला असावा. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडला नाही, तर पुढे कंपनी विचारते की संसर्ग सिद्ध कुठे झाला. अंतिम अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर महागडं औषध अंदाजावरच चालू असतं, आणि हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. फक्त तो अंदाज का बांधला, हे लिहिलेलं असावं.

इथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे. नातेवाईक चिडतात आणि 'हे इन्फेक्शन हॉस्पिटलमुळे झालं असं लिहून द्या' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. राग समजण्यासारखा आहे. भरती होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झालेल्या संसर्गाला वैद्यकशास्त्रही सर्वसाधारणपणे रुग्णालयातलाच मानतं. पण विमा मंजूर व्हायला त्या शब्दांची गरज नसते, आणि डॉक्टर बचावात गेले की नोंदी त्रोटक व्हायला लागतात. सेप्सिस म्हणजे संसर्ग सगळ्या शरीराला भिनणं. 'मूत्रमार्गाचा संसर्ग, सेप्सिस' एवढं निदान, तारीख आणि पुरावा कंपनीला पुरतो. दोष कोणाचा, हा प्रश्न वेगळ्या वाटेने न्यायचा असतो. त्यावर शेवटी येते.

वाढीव मंजुरी डिस्चार्जच्या दिवसासाठी ठेवू नका

कॅशलेसमध्ये पहिली मंजुरी म्हणजे कंपनीने उघडलेलं पहिलं दार. पुढच्या खर्चासाठी रुग्णालयाने पुन्हा मागणी पाठवावी लागते. डेस्कवरची भाषा म्हणजे 'एनहान्समेंट टाकणे'. ही मागणी तुम्ही थेट करू शकत नाही, ती रुग्णालयच पाठवतं. तुमचं काम ती गेली की नाही हे पाहण्याचं.

गर्दीच्या रुग्णालयात डेस्कवर एकेका माणसाकडे खूप फायली असतात. मग वाढीव मागणी बाजूला पडते आणि शेवटच्या दिवशी सगळं बिल एकदम पाठवलं जातं. पाच दिवसांसाठी मंजूर झालेल्या माणसाचं चौदा दिवसांचं बिल अचानक समोर आलं की कंपनीचा डॉक्टर साहजिकच एकामागोमाग क्वेऱ्या काढतो. तेच बिल टप्प्याटप्प्याने गेलं, तर प्रत्येक टप्प्यावर कारण मान्य झालेलं असतं. शेवटी कंपनीला मागे फिरणं अवघड जातं.

म्हणून दोन प्रसंगी त्याच दिवशी डेस्कवर जा: निदान बदललं तेव्हा, आणि रुग्ण आयसीयूत गेला तेव्हा. याशिवाय दर दोन दिवसांनी चालू बिलाचा आकडा मागून घ्या. मंजूर रकमेच्या तीन चतुर्थांशापर्यंत बिल पोचलं की पुढची मागणी गेलेली असायला हवी. मागणीसोबत त्या दिवसापर्यंतच्या केसपेपरच्या प्रती, ताजे अहवाल, आणि आणखी किती दिवस व का लागतील याची उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी असावी. मागणी पाठवल्याची वेळ आणि क्लेम क्रमांक वहीत लिहून ठेवा. कंपनीच्या ॲपवर किंवा टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, हेल्पलाइनवर त्या क्रमांकाने खात्री करता येते.

मे २०२४ मध्ये आयआरडीएआयने काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांपेक्षा उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. संध्याकाळी मंजुरी अडकली आणि बेडचा आणखी एक दिवस बिलात चढला, तर हा नियम आठवा. मात्र रुग्णालयाने विनंती किती वाजता पाठवली, हे तुमच्याकडे असायला हवं.

मधुमेह किंवा किडनीच्या जुन्या आजाराचा उल्लेख केसपेपरवर आला, की सेप्सिसच्या क्लेममध्ये कंपनी 'हा आजार कधीपासून?' असं हमखास विचारते. खरं तेच सांगा, पण अंदाजाने वर्षं सांगू नका. रात्री दोन वाजता घाबरलेल्या मुलाने 'दहा-बारा वर्षं असेल शुगर' असं सांगून टाकलं आणि तेवढ्यावर क्लेम अडला, असं मी पाहिलं आहे. जुनी फाईल पाहून तारीख द्या. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही.

खोलीचं भाडं: सगळ्यात मोठी गळती

मावशींना मिळालेल्या खोलीचं भाडं ८,००० रुपये होतं. 'पाचच दिवस तर आहेत, वरचे भरू' असा घरच्यांचा हिशोब. चौदा दिवसांनंतर बिल असं आलं: खोलीचे ११ दिवसांचे ८८ हजार, आयसीयूचे तीन दिवसांचे ३० हजार, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून १ लाख ६० हजार, इम्प्लांट ५५ हजार, औषधं ९६ हजार, तपासण्या ४१ हजार आणि डायपर वगैरे विम्यातून न मिळणाऱ्या वस्तू १४ हजार. एकूण ४ लाख ८४ हजार.

विमा रक्कम ५ लाख, म्हणजे सगळं बसलं, असं वाटतं. पण खोलीचे ५,००० च्या दराने ५५ हजारच मिळणार. त्याहून मोठा फटका पुढे आहे. मर्यादा ५,००० आणि घेतलेली खोली ८,००० ची, म्हणून सर्जनपासून फेऱ्यांपर्यंतचा १ लाख ६० हजारांचा खर्चही त्याच प्रमाणात, साडेबासष्ट टक्क्यांवर, म्हणजे १ लाखावर येतो. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. आयसीयू, इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. ते पूर्ण मिळाले. बेरीज ३ लाख ७७ हजार. घरच्यांनी भरायचे १ लाख ७ हजार.

त्यातले ३३ हजार खोलीच्या फरकाचे, ६० हजार प्रमाणशीर कपातीचे आणि १४ हजार न मिळणाऱ्या वस्तूंचे. म्हणजे १ लाख ७ हजारांतले ९३ हजार फक्त खोलीच्या निवडीमुळे गेले. संसर्गाचे उपचार कंपनीने दिले, तरी त्यामुळे वाढलेल्या प्रत्येक दिवशी खोलीची चूक महाग होत गेली.

म्हणून आयसीयूतून परत खोलीत येताना थांबा. ही खोली बदलायची संधी असते. मर्यादेतली खोली मागा. ती उपलब्ध नसेल तर रुग्णालयाकडून तसं लेखी घ्या. संसर्ग इतरांना लागू नये म्हणून डॉक्टरांनीच स्वतंत्र खोलीत ठेवायला सांगितलं असेल, तर तो सल्ला केसपेपरवर लिहून घ्या. त्यामुळे कपात आपोआप रद्द होत नाही, पण पुढे तक्रार करताना हा तुमचा भक्कम मुद्दा ठरतो. ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार सर्जन आणि थिएटरचे दर बदलतच नाहीत, तिथे प्रमाणशीर कपात लावायची नसते. दरपत्रक मागून पाहा. बऱ्याच नव्या पॉलिसींत खोलीची मर्यादाच नसते. तुमची तशी असेल तर हा भाग सोडून द्या.

बिलात आणखी एक गोष्ट पाहा. संसर्ग झाल्यावर जंतुनाशक द्रावणं, गाउन, टोप्या यांची वेगळी ओळ चढते. आयआरडीएआयच्या यादीप्रमाणे गाउन, टोप्या खोलीभाड्यातच आणि जंतुनाशकं उपचाराच्या खर्चातच धरायची असतात. कंपनी त्या वेगळ्या देणार नाही आणि रुग्णालय तुमच्याकडे मागेल. यादी दाखवून त्या कमी करायला सांगा. बिलिंगमधले लोक त्या बहुधा कमी करतात.

शेवटचे चार दिवस

मावशींचा ताप दहाव्या दिवशी गेला. लघवीच्या कल्चरमध्ये असा जंतू निघाला की ज्याच्यावर तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत, शिरेतूनच औषध द्यावं लागतं. म्हणून आणखी चार दिवस ठेवलं. कंपनीचं पत्र आलं: रुग्ण स्थिर होता, शेवटच्या तीन दिवसांना भरतीची गरज नव्हती, सबब ते दिवस अमान्य.

हा आक्षेप अगदीच निराधार नसतो. दिवसातून एकदा द्यायची काही इंजेक्शनं दवाखान्यात येऊन घेता येतात, हे कंपनीच्या डॉक्टरलाही माहीत असतं. म्हणून 'औषध शिरेतून चालू होतं' एवढं उत्तर पुरत नाही. घरी राहून का चालत नव्हतं, ते सांगावं लागतं. मावशींचं उत्तर असं होतं: औषध दर आठ तासांनी होतं, खुब्याचं ऑपरेशन झाल्यामुळे रोज ने-आण शक्य नव्हती, आणि सेप्सिसमध्ये किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं होतं म्हणून ते रोज तपासून डोस ठरत होता. ही तीनही कारणं केसपेपरवर आधीच असतील तर उत्तम. नसतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून खुलाशाचं पत्र घ्या आणि त्यासोबत क्रिएटिनिनचे रोजचे अहवाल आणि नर्सिंगच्या औषध-तक्त्याची प्रत जोडा. नर्सिंगचा तक्ता लोक विसरतात. कोणत्या वेळी कोणतं इंजेक्शन दिलं, हे तिथेच सापडतं.

दुसरा मुद्दाही मांडा. ते तीन दिवस घरी काढले असते, तरी औषधं आणि तपासण्या रुग्णालयोत्तर खर्च म्हणून पॉलिसीने दिल्याच असत्या. पुष्कळ पॉलिसींत ही सोय ६० दिवसांची असते. म्हणजे वाद फार तर खोली आणि फेऱ्यांपुरता आहे. औषधांसकट सगळं कापलं असेल, तर ती कपात आधी मागे घ्यायला लावा.

मात्र एका प्रकारच्या दिवसांसाठी भांडून उपयोग नाही. संसर्ग पूर्ण बरा झालाय, पण फिजिओथेरपीसाठी, किंवा घरी बघायला माणूस नाही म्हणून थांबलो, तर ते विश्रांती आणि पुनर्वसन या वगळलेल्या बाबीत जातं. केसपेपरवर 'नातेवाईकांच्या विनंतीवरून डिस्चार्ज पुढे' असं एक वाक्य आलं, की तो दिवस गेलाच म्हणून समजा. हे वाक्य लिहिलं जात असेल तर वेळीच बोला.

डिस्चार्जच्या टेबलावर

डिस्चार्ज समरीचा कच्चा मसुदा आधी वाचायला मागा. त्यात मूळ निदानाखाली संसर्गाचं निदान स्वतंत्र लिहिलेलं आहे का, ताप कधी आला, कल्चरमध्ये काय निघालं, कोणतं अँटिबायोटिक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दिलं, आयसीयूत आत-बाहेर केव्हा झालं, हे पाहा. पुष्कळदा जुना साचा भरला जातो आणि चौदा दिवसांच्या मुक्कामाखाली 'शस्त्रक्रियेनंतरचा काळ सुरळीत' असं छापून येतं. हे एक वाक्य तुमचा सगळा क्लेम खोटा पाडतं. सही-शिक्का होण्याआधी दुरुस्त करून घ्या.

पूर्ण केसपेपरची प्रतही मागा. रुग्ण हक्क सनदेनुसार डिस्चार्जनंतर ७२ तासांत ती मिळायला हवी. प्रतींचा खर्च द्यावा लागतो.

घरी गेल्यावर महिनाभरात तोच संसर्ग उलटला आणि पुन्हा भरती झाली, तर बहुतेक पॉलिसींत शेवटच्या सल्ल्यापासून ४५ दिवसांच्या आतला उलटलेला आजार हा एकच आजार धरला जातो. मग विमा रक्कम पुन्हा भरून देणारी सोय त्याच आजारासाठी चालेल की नाही, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. मावशींच्या ५ लाखांतले आता १ लाख २३ हजारच उरले आहेत. दुसरी पॉलिसी असेल, उदाहरणार्थ मुलाच्या कंपनीची, तर उरलेला खर्च तिच्यावर टाकता येतो. त्यासाठी पहिल्या कंपनीचं मंजुरीपत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती लागतात.

कपात मान्य नसेल तर

कंपनीकडून प्रत्येक कपातीमागचं पॉलिसीचं कलम लेखी मागा. 'वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक' एवढे मोघम शब्द पुरेसे नाहीत. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. टीपीएला लिहून थांबू नका, कारण क्लेमचा निर्णय कंपनीचा असतो. तीच तक्रार bimabharosa.irdai.gov.in वर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालयं आहेत. तुमचा पत्ता कोणाच्या हद्दीत येतो, ते cioins.co.in वर पाहता येतं.

अर्ज दोन पानांत बसवा. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला त्या दिवशी भरतीची गरज दाखवणारा कागद. मावशींच्या अर्जात फक्त तीन तारखा असतील आणि प्रत्येकीसमोर क्रिएटिनिनचा आकडा, औषधाच्या तीन वेळा आणि डॉक्टरांची नोंद.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये भरती असाल तर हिशोब दिवसांचा नसतो, पॅकेजचा असतो. आयुष्मान भारतच्या लाभांत उपचारादरम्यानची गुंतागुंत धरलेली आहे. संसर्ग झाला म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठा.

आणि दोषाचा प्रश्न

संसर्ग झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं नाही. सगळी काळजी घेऊनही कॅथेटरमधून संसर्ग होतो. पण नळी गरज नसताना ठेवली, ताप असूनही दोन दिवस कल्चर पाठवलं नाही, अशी ठोस गोष्ट दिसत असेल, तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा. एनएबीएच ही दर्जाची मान्यता असलेल्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समिती असते आणि कॅथेटरमुळे होणाऱ्या संसर्गाची नोंद ठेवणं तिचं कामच आहे. या टप्प्यावर काही रुग्णालयं वाढीव दिवसांचं बेडभाडं कमी करतात. सवलत देताना 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागितली, तर घाई करू नका. ग्राहक आयोगाकडे जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

विमा क्लेमच्या पत्रात मात्र हा आरोप मिसळू नका. कंपनीला सांगायचं आहे की उपचार गरजेचे होते, आणि रुग्णालयाला विचारायचं आहे की ते गरजेचे का झाले. दोन्ही पत्रं वेगवेगळ्या लिफाफ्यांत जाऊ द्या.